जोडलेल्या दोन टाक्यांमधलं मीठ शेवटी किती होतं, आणि तिथवर कसं पोचतं

दोन टाक्या, मधे दोन पाइप, एकीतून दुसरीत खारं पाणी जातंय आणि थोडं परत येतंय. डिफरन्शियल इक्वेशनच्या पुस्तकांत हे गणित हमखास असतं आणि बहुतेक जण ते मॅट्रिक्स मांडून, आयगेनव्हॅल्यू काढून, उत्तराला चौकट करून सोडून देतात. पण त्या आकड्यांकडे जरा निवांत बघितलं तर त्यात मजा आहे, कारण शेवटचं उत्तर मॅट्रिक्सला हात न लावता निघतं आणि मॅट्रिक्स लागतं ते वेगळ्याच प्रश्नासाठी. एकच केस घेऊ आणि तीच शेवटपर्यंत ताणू.

तर मांडणी अशी. दोन्ही टाक्यांत १०० लिटर पाणी. पहिल्या टाकीत बाहेरून मिनिटाला ३ लिटर खारं पाणी येतंय, त्यात लिटरमागे २० ग्रॅम मीठ. पहिलीतून दुसरीत मिनिटाला ४ लिटर जातं, दुसरीतून पहिलीत १ लिटर परत येतं आणि दुसरीतूनच ३ लिटर बाहेर सोडलं जातं. सुरुवातीला पहिल्या टाकीत ५ किलो मीठ विरघळलेलं आहे, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, चांगलंच खारट, आणि दुसरीत निव्वळ गोडं पाणी.

मिठाचं काहीही करायच्या आधी पाण्याचा हिशोब बघायचा, ही पायरी लोक हटकून गाळतात. पहिलीत येतं ३ अधिक १ म्हणजे ४ लिटर, जातं ४. दुसरीत येतं ४, जातं १ अधिक ३ म्हणजे ४. दोन्हींची पातळी स्थिर. हे जुळलं तरच पुढचं सगळं सरळ चालतं, नाही जुळलं तर काय होतं ते शेवटी बघू.

आता मीठ. पहिल्या टाकीतलं मीठ x किलो, दुसरीतलं y किलो. पाइपमधून मिनिटाला किती मीठ जातं? जितके लिटर जातात गुणिले लिटरमागे मीठ, आणि लिटरमागे मीठ म्हणजे त्या टाकीतलं मीठ भागिले त्याच टाकीतलं पाणी. इथे दोन्ही टाक्या १०० लिटरच्या असल्यामुळे चुकायला वाव नाही, पण टाक्या वेगवेगळ्या मापाच्या असल्या की परत येणाऱ्या पाण्याला भलत्याच टाकीच्या मापाने भागलं जातं, आणि उत्तर दिसायला ठीकठाक दिसतं पण साफ चुकीचं असतं. पाणी जिथून निघालं त्या टाकीचं माप, बस.

```
x' = 0.06 - 0.04 x + 0.01 y
y' =        0.04 x - 0.04 y
```

०.०६ म्हणजे बाहेरून येणारं मीठ, मिनिटाला ३ लिटर गुणिले २० ग्रॅम, ६० ग्रॅम. बाकीच्या टर्म्स तुम्हीच पाइपशी जुळवून बघा. दुसऱ्या ओळीत y ला ०.०४ लागतंय कारण दुसऱ्या टाकीतून दोन वाटांनी मिळून ४ लिटर निघतंय, १ परत आणि ३ बाहेर. टाकीला कुठून निघालं याच्याशी मतलब आहे, निघाल्यावर ते कुठे गेलं याच्याशी नाही.

आधी शेवट बघू. खूप वेळाने आकडे बदलायचे थांबले असं धरलं तर दोन्ही ओळी शून्य. दुसरी ओळ लगेच सांगते x आणि y सारखे. ते पहिल्या ओळीत टाकलं की ०.०३ x बरोबर ०.०६, म्हणजे x = २ किलो, y पण २ किलो. दोन्ही टाक्यांत लिटरला २० ग्रॅम. खरं तर एवढंही करायची गरज नव्हती. पूर्ण सिस्टिमकडे बाहेरून बघा, आत येणारं एकच पाणी आहे आणि ते २० ग्रॅमचं आहे, मग कितीही फिरवलं तरी शेवटी आत सगळीकडे २० ग्रॅमच राहणार, दुसरं होणार काय.

आणि या उत्तरात सुरुवातीचे ५ किलो कुठेच आले नाहीत, टाकीचं मापही आलं नाही. पहिल्या टाकीत सुरुवातीला ५० किलो असतं... बरं, १०० लिटरमध्ये ५० किलो मीठ विरघळणारच नाही, साध्या तापमानाला लिटरमागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास हद्द आहे, पण २० किलो धरा, तरी शेवट तोच. ५ किलो असो की २० किलो, ते जुनं मीठ हळूहळू बाहेर धुऊन निघतं.

आता वाट. इथे बहुतेक जणांचा अंदाज असा असतो की पहिली टाकी ५० वरून खाली २० ला येणार, दुसरी शून्यावरून वर २० ला जाणार, दोघी आपापल्या बाजूने तिथे येऊन टेकणार. पहिलीचं बरोबर आहे. दुसरीचं नाही. हे बघा आकडे, लिटरमागे ग्रॅममध्ये.

| मिनिटं | पहिली टाकी | दुसरी टाकी |
|---|---|---|
| ० | ५०.० | ० |
| १० | ३९.२ | १४.४ |
| १७ | ३४.३ | १९.८ |
| ४५ | २५.४ | २५.४ |
| ६० | २३.६ | २४.९ |
| १२० | २०.९ | २१.८ |
| २०० | २०.२ | २०.४ |

दुसरी टाकी साधारण १७ मिनिटांनीच २० ला पोचते. समजा कोणी त्या वेळी फक्त दुसऱ्या टाकीत मीटर बुडवून बघितलं आणि "झालं, आलं २० वर" म्हणून निघून गेलं, तर तो माणूस पुरता फसला, कारण टाकी तिथे थांबलेली नाही, तिथून चाललीय. ती वर २५.४ पर्यंत जाते आणि मग सावकाश उतरून परत २० कडे येते.

का वर जाते ते दुसऱ्या ओळीतच लिहिलंय, तिथे ०.०४ कॉमन काढला की y' = 0.04 (x - y). पहिली टाकी जोवर दुसरीपेक्षा खारट आहे तोवर दुसरी चढणारच, २० आलं काय नि नाही आलं काय, दुसऱ्या टाकीला २० हा आकडा माहीतच नाही, तिच्यात पाणी येतं ते फक्त पहिलीतून. १७ व्या मिनिटाला पहिली अजून ३४ वर आहे, मग दुसरी थांबेल कशी. तिचं चढणं थांबतं नेमकं त्या क्षणी जेव्हा दोन्ही टाक्या सारख्या होतात, आणि तो क्षण येतो जवळपास ४५ व्या मिनिटाला, २५.४ वर. म्हणजे दोन टाक्यांचं रीडिंग सारखं दिसलं की स्टेडी स्टेट आली, हाही समज इथे चुकतो. सारखं झालंय, पण २० पेक्षा वर सारखं झालंय, आणि पहिलीत अजून २० चं पाणी पडतंच आहे, त्यामुळे पहिली आणखी खाली जाते आणि दुसरी तिच्या मागे. दोन्ही रीडिंग सारखी असणं आणि दोन्ही रीडिंग बदलायची थांबणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थांबलंय हे ठरवायला दोन्ही रीडिंग बदलायची थांबलीत का हेच बघायचं.

आता हे आकडे आले कुठून, तर इथे मॅट्रिक्सवालं काम लागतं, पण डिटर्मिनंट वगैरे न करता सांगतो. आधी मोजायची सुरुवात शून्याऐवजी २ पासून करू. u म्हणजे पहिलीत २ किलोपेक्षा किती जास्त, v म्हणजे दुसरीत किती जास्त. कमी असेल तर मायनस. असं केलं की ते ०.०६ गायब होतं.

```
u' = (-4u +  v) / 100
v' = ( 4u - 4v) / 100
```

आता प्रश्न असा विचारायचा: u आणि v दोन्ही मिळून अशा पद्धतीने घटू शकतील का, की त्यांच्यातलं प्रमाण सगळा वेळ तेच राहील? धरू v = r u. मग पहिली ओळ म्हणते u चा घटायचा दर आहे (-4 + r)/100 आणि दुसरी म्हणते v चा दर आहे (4/r - 4)/100. प्रमाण टिकायचं तर दोन्ही दर सारखे पाहिजेत, म्हणजे r = 4/r, म्हणजे r ला दोनच जागा, प्लस २ किंवा मायनस २. प्लस २ ला दर मायनस ०.०२, मायनस २ ला दर मायनस ०.०६. झालं. हे दर म्हणजेच आयगेनव्हॅल्यू आणि ती प्रमाणं म्हणजेच आयगेनव्हेक्टर, (1, 2) आणि (1, -2).

हे दोन आकार पाण्याच्या भाषेत काय आहेत ते समजून घेतलं तर परत विसरायला होत नाही. (1, -2) म्हणजे एका टाकीत जास्तीचं मीठ आणि दुसरीत तुटवडा. ही तफावत पटकन मिटते कारण मधले पाइप एकीची जास्ती दुसरीच्या तुटवड्यात नेऊन टाकतात. (1, 2) म्हणजे दोन्हीकडे जास्ती, दुसरीत दुप्पट. ही आपसात देवाणघेवाण करून मिटत नाही, कुठे ढकलणार, दोन्हीकडे जास्तच आहे. ती फक्त बाहेरच्या ३ लिटरच्या वाटेने जाऊ शकते, म्हणून ती सावकाश, ०.०२ वाली.

आपली सुरुवात: पहिलीत ५, म्हणजे २ पेक्षा ३ जास्त, आणि दुसरीत शून्य, म्हणजे २ ने कमी. (3, -2). हे त्या दोन आकारांत फोडलं तर (1, 2) एकदा आणि (1, -2) दोनदा, बेरीज करून बघा, बरोबर येते. मग प्रत्येक तुकड्याला आपापल्या दराने घटू द्यायचं:

```
x = 2 +   e^(-0.02 t) + 2 e^(-0.06 t)
y = 2 + 2 e^(-0.02 t) - 4 e^(-0.06 t)
```

दुसरी ओळ जरा रोखून बघा. सुरुवातीला मायनस ४ चं पारडं जड, म्हणून y दोनच्या खाली. पण ते मायनस भराभर विरघळतं आणि मागे उरतं ते प्लसवालं सावकाश शेपूट, म्हणून y दोनच्या वर निघतो. मघाचं ते २५.४ पर्यंत चढणं यातूनच येतं.

साहजिक प्रश्न पडतो की एकदा वर गेलं तर मग खाली पण जाईल का, म्हणजे २० च्या खाली उतरून परत वर, असं हेलकावत राहील का. नाही. दोन टाक्यांत ते होऊच शकत नाही. r चा वर्ग बरोबर ४ आला होता ना, तो प्लस आला कारण पहिलीतलं मीठ दुसरीत भर घालतं आणि दुसरीतलं पहिलीत, दोन्ही टर्म प्लसच्या. टाक्यांची मापं वेगळी असली की ते समीकरण थोडं लांबतं, पण त्याच कारणाने r ची उत्तरं खरी संख्याच येतात, कॉम्प्लेक्स कधीच नाही. आणि दोन घटत्या एक्स्पोनेन्शियलची बेरीज जास्तीत जास्त एकदाच वळते. तीन टाक्या गोलात जोडल्या, पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला, तिसरी पहिलीला, तर मात्र कॉम्प्लेक्स आयगेनव्हॅल्यू येऊ शकतात आणि हेलकावे दिसू शकतात, तेही लगेच विरणारेच.

किती वेळ लागेल हे ठरवतो फक्त सावकाश दर. ०.०२ म्हणजे जास्तीचं मीठ दर ३५ मिनिटांनी अर्धं. आता दुसरी टाकी १०० ऐवजी ३०० लिटरची केली, पाइप सगळे तेच ठेवले, तर शेवट बदलत नाही, दोन्हीकडे २० ग्रॅमच, पण सावकाश दर ०.०२ वरून ०.००९ वर घसरतो, म्हणजे अर्धं व्हायला ७७ मिनिटं. टाकीचं माप शेवट ठरवत नाही, उशीर ठरवतं.

पण हे सगळं पाणी आत येतंय आणि बाहेर जातंय तोवरच. बाहेरचे दोन्ही पाइप बंद करा आणि मधले दोन्ही ४-४ लिटरवर ठेवा (४ आणि १ ठेवलं तर पहिली टाकी रिकामी होईल), की चित्र उलटं होतं. आता एकूण मीठ ५ किलो ते ५ किलोच, जायला वाटच नाही. आयगेनव्हॅल्यू येतात शून्य आणि मायनस ०.०८. तो शून्य म्हणजेच हे न घटणारं एकूण मीठ. १०० आणि १०० लिटरला शेवट २५ ग्रॅम, दुसरी टाकी ३०० ची असेल तर ५ किलो भागिले ४०० लिटर, साडेबारा ग्रॅम. म्हणजे बंद सिस्टिममध्ये शेवट ठरतो तो नेमका सुरुवातीच्या मिठाने आणि टाक्यांच्या मापाने, ज्या दोन गोष्टींना उघड्या सिस्टिममध्ये शेवटाच्या बाबतीत कोणी विचारत नव्हतं. अशा केसमध्ये दोन्ही ओळी शून्य धरून सोडवायला गेलात तर x = y एवढंच मिळतं, आकडा मिळत नाही, आणि बरेच जण तिथे अडकून बसतात. आकड्यासाठी x + y = 5 ही ओळ स्वतःहून आणावी लागते.

आणखी एक बदल बघण्यासारखा आहे. दोन्हीकडे शेवटी सारखंच मीठ, हे आपल्याकडे झालं कारण आत येणारं पाणी एकच होतं. दुसऱ्या टाकीत बाहेरून मिनिटाला ३ लिटर गोडं पाणीही सोडलं आणि बाहेरचा पाइप ६ लिटरचा केला, तर? आत येणारं मीठ तेच ६० ग्रॅम, जाणारं ६ लिटर, म्हणून दुसरी टाकी १० ग्रॅमवर. पहिलीत येतं ६० अधिक परतीच्या १ लिटरचे १०, एकूण ७०, जातं ४ लिटर, म्हणून साडेसतरा. दोन टाक्या, कायमची वेगळी कॉन्सन्ट्रेशन्स. मधली देवाणघेवाण वाढवून ६ जायला आणि ३ यायला केली तर पहिली १५ वर येते, दुसरी १० वरच. म्हणजे मधले पाइप जितके जोरात तितक्या टाक्या एकमेकींजवळ, पण अगदी सारख्या कधीच नाहीत.

प्रत्यक्षात कोणी हे करून बघणार असेल तर सगळ्यात मोठी अडचण गणितात नाही, ढवळण्यात आहे. x भागिले १०० हे लिहिताना आपण गुपचूप धरून चाललोय की टाकीत सगळीकडे सारखंच खारट आहे. खारं पाणी जड असतं, ते तळाशी बसतं, आणि बाहेर जायचा पाइप वर असेल तर वरचं फिकं पाणीच निघत राहतं. कंडक्टिव्हिटी मीटर वर एकदा आणि तळाशी एकदा बुडवायचा, रीडिंग वेगळी आली तर त्या दिवशी समीकरणांना दोष देऊ नये.

मॉडेल खरंच लागू आहे की नाही हे शेवटच्या शेपटावरून छान कळतं. आपल्या मूळ केसमध्ये १२० मिनिटांनंतर दुसऱ्या टाकीतून २० वजा करत जा, १२० ला १.८, १५५ ला ०.९, १९० ला ०.४५ ग्रॅम. दर ३५ मिनिटांनी निम्मं, आणि पहिलीत त्याच्या साधारण अर्धं. घट निम्म्या-निम्म्यानेच होतेय पण ३५ च्या ऐवजी समजा ५० मिनिटं लागतायत, तर बहुधा फ्लो चुकीचा मोजलाय किंवा टाकीत धरल्यापेक्षा जास्त पाणी आहे. घट निम्म्या-निम्म्याने होतच नसेल, म्हणजे दर वेळी वेगळाच वेळ लागत असेल, तर पातळी बघा. मधला पंप ४ ऐवजी साडेचार लिटर ओढत असेल तर पहिली टाकी मिनिटाला अर्धा लिटर गमावते आणि २०० मिनिटांत कोरडी पडते. तोवर आपण भागत होतो त्या १०० च्या जागी दर मिनिटाला वेगळा आकडा असतो, सिस्टिम लिनियर राहते खरी पण मॅट्रिक्स स्थिर राहत नाही, आणि मग वर काढलेल्या ०.०२ आणि ०.०६ ला काहीच अर्थ उरत नाही.